चॅटवरचा डिस्काउंट ईमेलमध्ये कसा लिहावा?

गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर लिहितं, "दादा, १० टक्के कमी करा ना." आपण "बघतो" म्हणतो आणि समोरचा ते होकार धरून चालतो.

आधी हिशेब. पुठ्ठ्याचा खोका ४० रुपयांना विकतो, खर्च ३२. सुटतात ८. दहा टक्के सोडले की उरतात ४, म्हणजे तेवढ्याच कमाईसाठी दुप्पट खोके विकावे लागतील! त्यामुळे नुसती सूट कधीच देऊ नका, बदल्यात काहीतरी मागा. माझा मसुदा असा:

"नमस्कार. दराबद्दल मोकळेपणाने बोललात, आभार. सध्याच्या अटींवर दर ४० रुपयेच राहील. मात्र एका वेळी ५,००० खोक्यांची ऑर्डर आणि ४५ऐवजी ७ दिवसांत पेमेंट जमत असेल, तर ३८.८० रुपये लावू. हा दर महिनाअखेरपर्यंतच्या ऑर्डरींना लागू. आपल्याला काय सोयीचं पडेल?"

इथे ३ टक्के गेले, तरी खोक्यामागे ६.८० रुपये उरतात आणि पैसे लवकर हाती येतात. नकाराचा शब्दही नाही. मेलमध्ये "शक्य तेवढं करू" असं लिहिलं असेल तर ते मात्र खोडाच, त्यावरून पुढची घासाघीस सुरू होते. पेमेंट लांबलं तर पुढचं बिल ४० नेच करायचं, हेही त्याच मेलमध्ये लिहा.