फोटोतलं गणित: आधी उतरवा, मग सोडवा

दहावीतल्या मुलाने शिकवणीच्या सरांना मोबाइलवर एका शाब्दिक उदाहरणाचा फोटो पाठवला आहे. पान तिरपं, एका कडेला अंगठ्याची सावली. मजकूर असा: ‘आयताकृती बागेची लांबी रुंदीच्या दुपटीपेक्षा ५ मीटरने कमी आहे. परिमिती ८० मीटर आहे. बागेला लागून बाहेरून सर्व बाजूंनी २.५ मीटर रुंदीचा रस्ता आहे. दर चौरस मीटरला ४०० रुपयांप्रमाणे रस्त्याच्या फरसबंदीचा खर्च काढा.’

अशा वेळी हात लगेच सूत्राकडे जातो. जॉर्ज पोल्या या गणितज्ञाने १९४५च्या ‘हाऊ टू सॉल्व्ह इट’मध्ये मात्र आधी तीन प्रश्न विचारायला सांगितलं: काय शोधायचंय, काय दिलंय आणि अट कोणती? त्यांच्याही आधी फोटोमुळे चौथा प्रश्न येतो: जे दिसतंय, ते तसंच छापलंय का?

म्हणून उदाहरण आधी जसंच्या तसं वहीत उतरवावं. दशांशचिन्ह अंधूक असेल तर २.५चे २५ होतात. पण १५ मीटर रुंदीच्या बागेला २५ मीटरचा रस्ता असेल, हे पटत नाही. ५चा ६ वाचला, तर रुंदी १५.३३... येते. पाठ्यपुस्तकातली उत्तरं बहुधा सुटसुटीत असतात. अपूर्णांक आला म्हणून चूकच झाली असं नाही, पण फोटो मोठा करून पुन्हा पाहायला तेवढं कारण पुरतं.

आता वेगळं काढू. दिलेलं: परिमिती, रस्त्याची रुंदी, दर. शोधायचं: खर्च. पण खर्चापर्यंत पोहोचायला बागेची रुंदी लागते आणि ती कुणी विचारलेली नाही. ही मधली अज्ञात राशी मुलं हमखास विसरतात. तिला क्ष म्हटलं, तर पहिल्या अटीनुसार लांबी २क्ष − ५ होते. इथे घाईत २(क्ष − ५) लिहिलं जातं. ‘दुपटीपेक्षा कमी’ म्हणजे आधी दुप्पट, मग वजाबाकी.

एवढं झालं की आराखडा आपोआप दिसतो. परिमितीची निम्मी ४०, म्हणून ३क्ष − ५ = ४०. रुंदी १५, लांबी २५. रस्त्यासकट आयत २० × ३०, म्हणजे ६०० चौरस मीटर; त्यातून बागेचे ३७५ वजा केले की रस्ता २२५ आणि खर्च ९०,००० रुपये.

खरी मेख आहे ‘बाहेरून’ या शब्दात. रस्ता आतून धरला, तर आतला आयत १० × २०, रस्ता १७५ चौरस मीटर आणि खर्च ७०,००० रुपये. हेही उत्तर तितकंच सुटसुटीत, त्यामुळे मघाची खूण इथे काहीच सांगत नाही. अंगठ्याच्या सावलीत नेमका तोच शब्द गेला असेल आणि शेजारी आकृती नसेल, तर सरांना मुलाकडे पानाचा दुसरा फोटो मागवावा लागतो.