दिवा शाबूत, केबल सैल

जिल्हा परिषदेच्या एका खेड्यातल्या शाळेत चंद्रग्रहणाचा पाठ होता. खिडक्यांना चादरी लावून मुलं सतरंजीवर दाटीवाटीनं बसली. बाईंनी प्रोजेक्टर सुरू केला, तर भिंतीवर नुसता निळा चौकोन आणि No Signal ही अक्षरं.

‘बाई, दिवा गेला वाटतं,’ एक मुलगा म्हणाला.

‘दिवा गेला असता, तर ही अक्षरं दिसली असती का रे?’

अक्षरं उमटली म्हणजे प्रोजेक्टर चालू आहे. फक्त लॅपटॉपकडून चित्र पोचत नाही. बाईंनी Windows आणि P ही बटणं एकत्र दाबून Duplicate निवडलं. फरक पडला नाही. मग त्यांनी निळ्या टोकाची व्हीजीए केबल आत दाबली. चित्र आलं, पण चंद्र पिवळाधमक! या केबलमध्ये लाल, हिरवा आणि निळा हे रंग वेगवेगळ्या पिनांतून जातात. निळ्याची पिन टेकली नाही, की पांढरं ते पिवळं दिसतं.

बाईंनी केबल काढली, एकही पिन वाकलेली नाही हे पाहिलं, टोक सरळ बसवलं आणि दोन्ही बाजूंचे स्क्रू हातानं पिळले. चंद्र पांढरा झाला आणि पाठ सुरू झाला.

रोज कपाटातून काढ-घाल करताना हे स्क्रू पिळायचे राहून जातात. शिक्षकांनो, दुरुस्तीवाल्याला फोन करण्यापूर्वी केबलची दोन्ही टोकं एकदा तपासा.