ताईच्या डोक्यावर धाकट्याचा चेहरा

भाऊबीजेच्या दुपारी माझ्या बहिणीच्या दोन्ही मुलांचा फोटो काढला होता. बारा वर्षांची ताई आणि पाच वर्षांचा धाकटा, ओसरीवर शेजारी शेजारी बसलेले. संध्याकाळी गंमत म्हणून मी दोघांचे चेहरे आपापसांत बदलले आणि फोटो आजीला दाखवला. आजीने चष्मा पुसून बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, ''छान आलाय. ताई जरा फुगल्यासारखी दिसतेय, एवढंच.''

आजीच्या नजरेत काही खोट नव्हती. १९९६ साली पवन सिन्हा आणि तोमासो पोज्जो या दोन संशोधकांनी 'नेचर' या नियतकालिकात क्लिंटन आणि अल गोर यांचा एक फोटो छापला होता. त्यात गोर यांचे डोळे, नाक, तोंड काढून तिथे क्लिंटनचेच बसवलेले होते. तरीही बघणाऱ्यांना ते दोघे क्लिंटन आणि गोरच वाटत. ओळखीचा माणूस आपण केसांवरून, डोक्याच्या आकारावरून, तो कुठे आणि कोणाशेजारी उभा आहे यावरूनही ओळखतो. नाकडोळे हा त्यातला एक भाग. सख्ख्या भावंडांत तर नाकडोळेही एकाच घरचे. म्हणून भावंडांच्या अदलाबदलीत ओळख आड येत नाही, आड येतात दोन गोष्टी: रंगाची शिवण आणि डोक्याचं माप. दोन्ही जमल्या नाहीत तर 'फुगल्यासारखं' दिसतं, आणि माझं तेच झालं होतं. दुसऱ्या दिवशी मी ते नीट करायला बसलो.

मी हे गिंप या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये केलं. फोटोशॉपमध्ये बटणांची नावं बदलतील, काम तेच. फोटो मात्र कॅमेऱ्यातला किंवा फोनमधला मूळच घ्या. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत गालांवरचे बारीक रंग आधीच चुरगळलेले असतात.

पहिली चूक बहुतेकांची होते ती क्रमात. ताईचा चेहरा धाकट्यावर ठेवला, मग धाकट्याचा उचलायला गेलो, तर तिथे ताईच. दोन पेल्यांतलं ताक आणि सरबत बदलायचं तर तिसरा पेला लागतो. तेव्हा काहीही हलवण्याआधी दोन्ही चेहरे Free Select ने भोवतालची थोडी जागा राखून कापायचे आणि वेगवेगळ्या लेयरवर ठेवायचे. खालचा मूळ फोटो तसाच राहू द्यायचा.

आता माप. चेहरा किती मोठा करायचा हे अंदाजाने ठरवू नका. दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर मोजा, कारण चेहऱ्यावर त्याच्याइतकी नेमकी खूण दुसरी नाही. माझ्या फोटोत ताईचं हे अंतर १५० पिक्सेल होतं, धाकट्याचं १३२. म्हणजे धाकट्याचा चेहरा ताईवर जाताना ११४ टक्के व्हायला हवा आणि ताईचा धाकट्यावर जाताना ८८ टक्के. वरच्या लेयरची Opacity ५० केली की खालचे डोळे आरपार दिसतात. मग बाहुलीवर बाहुली आणता येते, आणि मान कलती असेल तर तेवढं फिरवताही येतं. धाकट्याने मान कलती केली होती, साधारण सहा अंश.

इथवर सगळं सरळ होतं. डोळे जुळले, पण धाकट्याची हनुवटी ताईच्या हनुवटीच्या बरीच वर आली. ताईला दोन हनुवट्या. आजीला दिसलेला फुगीरपणा तो हाच. पहिल्या दिवशी मी ती फट झाकायला चेहरा नुसता मोठा करत गेलो होतो.

याचं कारण मुलांच्या हाडांत आहे. कवटीचा मेंदूभोवतीचा भाग फार लवकर वाढतो. पाच-सहा वर्षांच्या मुलात तो मोठ्या माणसाच्या जवळपास पोचलेला असतो. नाक आणि जबडा मात्र निवांत, पुढे वयात आल्यावरही काही काळ वाढत राहतात. म्हणून लहान मुलाचं कपाळ मोठं आणि डोळ्यांखालचा चेहरा आखूड दिसतो. ताईची डोळ्यांच्या रेषेपासून हनुवटी २५० पिक्सेलवर होती, धाकट्याची १९२ वर. धाकट्याचे १९२ हे ११४ टक्के केले तर २१९ होतात. उरलेले एकतीस पिक्सेल कुठल्याही एकसारख्या वाढीने भरून निघत नाहीत, कारण दोघांच्या चेहऱ्यांची घडणच निराळी आहे.

उपाय असा की अख्खा चेहरा बदलायचाच नाही. भुवयांच्या किंचित वरून खालच्या ओठाच्या जरा खालपर्यंत आणि दोन्ही गालांच्या मध्यापर्यंत, एवढाच तुकडा घ्यायचा. कपाळ, कान, जबडा, हनुवटी ज्याची त्याच्याकडे. लेयरला Add Layer Mask करून मऊ कडेच्या ब्रशने काळा रंग फिरवला की नको तो भाग दिसेनासा होतो, आणि चुकलं तर पांढरा फिरवून परत आणता येतो. मग तोंड थोडं वर राहतं, त्यासाठी उंची वेगळी ओढायची. धाकट्याचा चेहरा मी रुंदीला ११४ आणि उंचीला ११९ टक्के केला, ताईचा रुंदीला ८८ आणि उंचीला ८४. रुंदी आणि उंचीत पाच टक्क्यांहून जास्त फरक मी केला नाही, तिथेच थांबलो. तोंड दोन-चार पिक्सेल इकडेतिकडे राहिलं तर कुणाला कळत नाही.

या पद्धतीचा एक मजेदार पुरावा फोटोतच होता. धाकट्याच्या कपाळावर ओवाळणीचं कुंकू होतं आणि अदलाबदलीनंतरही ते त्याच्याच कपाळावर राहिलं.

आता रंगाकडे येऊ. ताई सावळी, धाकटा उजळ. आमच्याकडे यावर बोलायला एक मावशी कायम तयार असते, पण इथे प्रश्न कोण उजळ हा नाहीच. आलेल्या चेहऱ्याने यजमानाच्या मानेचा आणि कपाळाचा रंग घ्यायचा, बस. फोटो एकच असल्याचा मोठा फायदा इथे मिळतो: ऊन तेच, कॅमेरा तोच, सावल्या एकाच बाजूच्या. फरक उरतो तो फक्त त्वचेचा. (चेहरा दुसरीकडे वळलेला म्हणून तो आरशासारखा उलटवलात तर हा फायदा गेला. नाकाची सावली उन्हाच्या बाजूला पडते आणि बघणाऱ्याला कारण न कळता खटकत राहतं.)

Color Picker ला एकाच पिक्सेलऐवजी आजूबाजूच्या जागेची सरासरी घ्यायला सांगा आणि जिथून शिवण जाणार तिथले रंग मोजा. चकाकी आणि सावली टाळा. सणाच्या दिवशी चेहऱ्याला पावडर असते, त्यामुळे मानेपेक्षा कपाळ आणि जबडा भरवशाचे. धाकट्याचे आकडे आले लाल २०४, हिरवा १६०, निळा १३२. ताईचे आले १६८, १२२, ९५. सगळेजण इथे ब्राइटनेस कमी करतात आणि फसतात. धाकट्याचे तिन्ही आकडे सारख्याच प्रमाणात, लाल जुळेल इतके उतरवले तर १६८, १३२, १०९ मिळतात. लाल बरोबर, पण हिरवा दहाने आणि निळा चौदाने जास्त. त्वचा सावळी होण्याऐवजी राख फासल्यासारखी होते. सावळ्या त्वचेत लाल थोडा उतरतो, हिरवा त्याहून जास्त आणि निळा सर्वांत जास्त. म्हणूनच ती काळपट न दिसता उबदार दिसते.

तेव्हा तिन्ही रंग वेगवेगळे उतरवायचे. Colors > Levels मध्ये एकेक रंग निवडायचा आणि खालच्या, म्हणजे आउटपुटच्या पट्टीवरचा २५५ हा आकडा बदलायचा. १६८ भागिले २०४ म्हणजे सुमारे ०.८२, तसेच हिरव्याला ०.७६ आणि निळ्याला ०.७२. माझे आकडे झाले लालला २१०, हिरव्याला १९४, निळ्याला १८४. दोन मिनिटांचं काम, आणि गाल कपाळाला मिळाला.

डोळे मात्र बिघडले. बुबुळांभोवतीचा पांढरा भागही त्याच प्रमाणात उतरला आणि कावीळ झाल्यासारखा दिसू लागला, दातही तसेच. म्हणून रंग बदलण्याआधी चेहऱ्याच्या लेयरची एक प्रत खाली ठेवावी आणि वरच्या प्रतीच्या मास्कवर डोळे आणि दात तेवढे बारीक ब्रशने पुसून घ्यावेत. खालून मूळ पांढरा दिसतो. दोन्ही प्रती एकाच मापाच्या आणि एकाच जागी हव्यात, खालच्या प्रतीचा उरलेला चेहराही झाकायला हवा.

उलट्या दिशेने, म्हणजे ताईचा चेहरा उजळ करताना, गुणाकार चालत नाही. तिच्या नाकावरच्या चकाकीत लाल आधीच २२५ होता. त्याला वाढवलं तर तो २५५ च्या पलीकडे जातो, आणि पलीकडे काही नसतंच. तिथे नुसता पांढरा डाग पडतो. इथे Colors > Curves घ्यायचं. प्रत्येक रंगात एकच बिंदू उचलायचा, लाल १६८ वरून २०४, हिरवा १२२ वरून १६०, निळा ९५ वरून १३२, आणि वरचं टोक जागच्या जागी ठेवायचं. मधला भाग वर येतो, चकाकी शाबूत राहते. चेहरा थोडा सपाट दिसतो, त्याला इलाज नाही.

हे सगळं आपोआप करणारी पद्धतही आहे. २००३ साली पेरेझ, गांग्ने आणि ब्लेक यांनी मांडलेली, आणि ओपनसीव्हीमध्ये seamlessClone नावाने मिळते. ती रंग उचलत नाही, शेजारच्या दोन पिक्सेलमधला फरक उचलते. कडेचा रंग यजमानाचा धरून ते फरक आत पसरत नेते. त्वचा सुरेख मिसळते. पण कडेला केसांची बट आली तर केसांचा काळा रंगही तितक्याच इमानदारीने गालावर उतरतो. ताईच्या बटा गालावर होत्या, म्हणून मी हातानेच केलं.

काम झाल्यावर फोटो पंचवीस टक्के आकारात पाहा. मोठ्या आकारात शिवण शोधत बसलं की माप चुकलेलं लक्षात येत नाही. लहान आकारात तेच आधी दिसतं. मग पूर्ण आकारात फक्त जबड्याची कड आणि भुवयांच्या वरची पट्टी तपासा.

माझा निकाल सांगतो. धाकट्याचा चेहरा ताईवर छान बसला. ताईचा धाकट्यावर बसला नाही. शिवण कुठेच दिसत नाही, रंगही जुळलेला, पण लांब नाकाचं ते पाच वर्षांचं पोर एखाद्या तलाठ्यासारखं दिसतं. ते नाकाच्या हाडाचं वय आहे, ते Levels ने उतरत नाही. भावंडांत दोन-तीन वर्षांचंच अंतर असेल तर ही अडचण फारशी येणार नाही. अंतर मोठं असेल तर लहानाचा चेहरा मोठ्यावर ठेवा आणि दुसरी बाजू सोडून द्या.