पहिल्या ओळीपूर्वीचा करार

अनेकांनी मिळून एकच दीर्घ कथा लिहावयाची असे ठरले म्हणजे पहिली चर्चा कथानकाची होते. नायक कोण, संकट कोणते, शेवट गोड की कडू, यावर संध्याकाळच्या संध्याकाळ खर्ची पडतात. कथानक ठरले की कागद वाटून घेतले जातात, आणि चौथ्या-पाचव्या प्रकरणाशी कोणाच्या तरी लक्षात येते की ही एक कथा नसून पाच कथांची गोधडी आहे. आमचे म्हणणे असे की कथानकातील चूक पुढच्या प्रकरणात सावरता येते, परंतु वाक्याच्या शेवटी बसलेले क्रियापद सावरता येत नाही. ते प्रत्येक ओळीत असते. म्हणून लेखनापूर्वी एक पानभर संकेतपत्र करावे, आणि त्यात तीन गोष्टींचा निकाल लावावा: कथा कोणाच्या आवाजात, कोणत्या काळात, आणि कोणते निषेध पाळून सांगावयाची.

हा विचार मराठीस परका नाही. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी श्रीचक्रधरांच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, ते एका अर्थी अनेकांच्या तोंडचेच पुस्तक होय. ज्याने जी लीळा पाहिली किंवा ऐकली, त्याच्याकडे जाऊन म्हाइंभटांनी ती मिळविली आणि नागदेवाचार्यांपुढे ठेवून पारखून घेतली. सांगणारे अनेक, तरी पुस्तकाचा आवाज एक वाटतो. त्याचे एक कारण शब्दांत सापडते. स्वामी कोठे गेले तर ‘बीजें केले’, जेवले तर ‘आरोगण’ झाली, निजले तर ‘पहुड’ झाला. साध्या माणसाची क्रियापदे त्यांच्यासाठी चालत नाहीत. हा झाला शब्दांचा निषेध. भाषेचाही निषेध होता: संस्कृतात लिहू पाहणाऱ्या केशोबासांना नागदेवाचार्यांनी अडविले, कारण मराठीच जाणणारी साधीभोळी माणसे त्यामुळे वंचित झाली असती. या निषेधामागे कारण होते, ते सांगितले गेले, आणि म्हणूनच तो पाळला गेला. पुढे मूळ पोथी धामधुमीत नाहीशी झाली आणि आठवणींतून ती पुन्हा उभी करावी लागली. तेव्हा अमक्याचा पाठ असा, तमक्याचा तसा, हे नावानिशी नोंदविले गेले. सांगणाऱ्याचे नाव पुसावयाचे नाही, हाही एक संकेतच.

आता आपल्याच गावावर हा विचार घासून पाहू. समजा, श्रीगोंद्यातील पाच जण मिळून एका घराची कथा लिहीत आहेत. कथा 1972 च्या दुष्काळात सुरू होते आणि आजपर्यंत येते. सांगणारी आहे घरातली नात. तिचा जन्म 1985 चा. लिहिणाऱ्या पाचांपैकी तिघे पुरुष आहेत.

प्रथम आवाजाचा प्रश्न घेऊ. मराठीत ‘मी’ म्हणणारा माणूस फार वेळ लपून राहू शकत नाही. ‘मी पत्र वाचले’ या वाक्यात क्रियापद पत्राच्या मागे जाते, म्हणून सांगणारा पुरुष की स्त्री हे कळत नाही. ‘मी उद्या जाईन’ यातही कळत नाही. परंतु ‘मी थांबलो’ किंवा ‘मी थांबले’ म्हटले की पडदा उडतो. याचा परिणाम असा होतो की पुरुष लेखकाने लिहिलेले एक अख्खे पान निर्दोष जाते, आणि पुढच्या पानावर एकच ‘बसलो’ निसटून नातीचा नातू होतो. म्हणून संकेतपत्रात ‘सांगणारी स्त्री आहे’ एवढे लिहून भागत नाही. पान पूर्ण झाले की त्यातील ‘मी’ असलेली वाक्ये बोटाने शोधावीत आणि त्यांतील येणे, जाणे, बसणे, थांबणे, हसणे अशी कर्म न घेणारी क्रियापदे तपासावीत, असा नेम लिहून ठेवावा. वर्तमानकाळात तर प्रत्येकच क्रियापद तपासावे लागते. तेथे ‘वाचतो’ आणि ‘वाचते’ यांतही भेद आहे.

आवाजाचा दुसरा भाग आदराचा. नातीने आजोबांना ‘तात्या आले’ म्हणावे हे कोणी सांगावे लागत नाही. पण आजी? बहुतेक घरांत ‘आजी आली’ असेच म्हणतात. मग तात्या ‘ते’ आणि आजी ‘ती’. हे घरगुती बोलण्याला धरूनच आहे, आणि तसे ठेवण्यास हरकत नाही. मात्र ते पाचही जणांनी जाणून ठेवलेले असावे. खरी कसोटी घराबाहेरच्या माणसांची. दुष्काळी कामावरचा मुकादम ‘ते’ आणि त्याच्या हाताखाली खडी फोडणारा म्हातारा ‘तो’, असे लेखणीतून सहज उतरते. ते पात्रांच्या तोंडी असेल तर त्या काळाचे चित्र ठरते; निवेदनात असेल तर तो लेखकाचा स्वतःचा निवाडा ठरतो, आणि वाचकाला तो बोचतो. आमच्या कल्पनेतील संकेतपत्रात म्हणून असे लिहिले आहे: निवेदनात वयाने वडील असलेला प्रत्येक पुरुष ‘ते’, मग तो मुकादम असो की मजूर, संवादात ज्याची जशी रीत तशी.

तिसरा भाग हा की सांगणारीला काय ठाऊक असू शकते. 1972 साली ती जन्मलीच नव्हती. म्हणजे दुष्काळातील प्रत्येक प्रसंगाला एक सांगणारा हवा: आजी सांगे, चुलते म्हणत, जुन्या वहीत होते. तात्यांच्या मनात काय चालले होते हे तिला परस्पर ठाऊक असू शकत नाही.

दुसरा प्रश्न काळाचा. तीन पिढ्यांच्या कथेला एक मूळ काळ हवा, आणि तो साधा भूतकाळ ठेवणे सोयीचे: आला, बसली, म्हणाले. रोज घडणाऱ्या गोष्टीसाठी मराठीत ‘उठत’ हेही आहे आणि ‘उठायचे’ हेही आहे. निवेदनाला पहिले, बोलण्याला दुसरे, असे वाटून दिले की दोन्ही आपापल्या जागी शोभतात. ‘उठले होते’ हे रूप मागे वळून पाहण्यासाठी आहे. ते मागे जाताना पहिल्या एक-दोन वाक्यांत वापरावे आणि मग साध्या भूतकाळावर यावे. नाहीतर पानभर ‘होते, होते’ असा ठेका लागतो. वर्तमानकाळ फक्त नात आज ज्या खोलीत बसून लिहिते त्या खोलीपुरता राखून ठेवावा. हा शेवटचा नियम सर्वांत आधी मोडतो, कारण प्रसंग रंगला की लेखकाला ‘तात्या उठतात, तांब्या घेतात’ असे लिहिण्याचा मोह होतो. एरवीच्या कथेत तो दोष नव्हे. येथे मात्र वाचकाला वाटते की तात्या आज, त्या खोलीत, हयात आहेत.

एक उतारा घेऊन पाहू. दुसऱ्या लेखकाने लिहिले: ‘तात्या सकाळी उठतो, हातोडा घेतो आणि खडीवर जातो. सुकडी खाऊन त्याचे मन विटले होते. ते पाहून मी थांबलो.’ तीन लहान वाक्ये, आणि संकेत पाच ठिकाणी मोडला आहे. तात्या ‘तो’ झाले. काळ वर्तमान झाला. तात्यांचे मन परस्पर वाचले गेले. जन्मापूर्वीचे दृश्य डोळ्यांनी पाहिले गेले. आणि नात पुरुष झाली. संकेताप्रमाणे ते असे होईल: ‘तात्या सकाळी उठत, हातोडा घेत आणि खडीवर जात. आजी सांगे, पुढेपुढे ते सुकडीला हात लावीत नसत. हे ऐकताना मी थांबले.’ कथानकाचा एक धागाही हलला नाही. उलट, आजीच्या तोंडून आल्यामुळे तात्यांचे विटणे अधिक पटते.

तिसरा प्रश्न निषेधांचा, आणि तो सर्वांत नाजूक. निषेधांची यादी लांबली की लिहिणारे भितात, म्हणून ती थोडी असावी आणि प्रत्येकापुढे कारण व सोडवणूक लिहावी. पहिला निषेध शब्दांचा. आपल्या गावाचे जुने नाव चांभारगोंदे. आजीच्या तोंडी किंवा जुन्या कागदात ते यावे. निवेदनात श्रीगोंदाच असावे. जिल्ह्याचे नाव 2024 साली अहिल्यानगर झाले. त्याआधीच्या प्रसंगांत अहमदनगर, बोलण्यात सर्वकाळ नगर. शेख महंमदबाबांच्या स्थानाला कोणी समाधी म्हणतो, कोणी दर्गा. पात्राने आपला शब्द वापरावा. निवेदनाने ‘बाबांचे स्थान’ म्हणावे. हे भित्रेपण नव्हे. पाच जणांच्या कथेत निवेदनाचा शब्द पाचांच्या नावावर जमा होतो. ज्याला तो मान्य नाही त्याच्याही नावावर. म्हणून एकट्याने तो ठरवू नये.

दुसरा निषेध माणसांचा: गावातील हयात व्यक्तीला नाव बदलूनही कथेत ओढू नये, कारण लहान गावात बदललेले नाव कोणालाच फसवीत नाही. तिसरा निषेध घटनांचा: मुख्य पात्राचा मृत्यू, लग्न किंवा गाव सोडून जाणे पाचांच्या संमतीवाचून घडवू नये. यातील शब्दांचा आणि घटनांचा निषेध सर्वांच्या संमतीने उठविता येतो; माणसांचा मात्र उठविता येत नाही, कारण ज्याची संमती हवी तो लिहिणाऱ्यांत नसतो. हा भेद पत्रातच स्पष्ट असावा.

संकेतपत्र पुरे पडत आहे की नाही हे ओळखण्याची एक साधी रीत आहे. निरनिराळ्या हातांची लागोपाठची तीन पाने, कोणाचे कोणते हे न सांगता, मोठ्याने वाचावीत. जेथे कान अडतो तेथे नियम मोडला आहे किंवा नियमच नाही. नियम नसेल तर तो तारीख घालून पत्रात लिहावा आणि पुढच्या पानापासून लागू करावा; मागची पाने दुरुस्त करण्याचे काम एकाच माणसाकडे द्यावे, नाहीतर पाच जण पाच प्रकारे दुरुस्त करतात.

आणि पत्राची मर्यादाही ओळखावी. एकाचे वाक्य लांब, दुसऱ्याचे तुटक. एकाला पाऊस दिसतो, दुसऱ्याला हिशेब. हे पत्राने पुसू नये. सांगणारी एकच नात असली तरी ती 1972 विषयी आजीच्या लयीत बोलेल आणि उसाच्या बिलाविषयी चुलत्यांच्या. क्रियापद एक, आदर एक, काळ एक, एवढे सांभाळले की बाकीचे वेगळेपण त्या घरातल्या माणसांचे वाटते, लेखकांचे वाटत नाही.