‘हो’ म्हणणारे आणि घेणारे

गणपती उठले की घरगुती फराळ करणाऱ्यांच्या इन्स्टाग्राम स्टोरीवर एक प्रश्न हमखास दिसू लागतो. ‘यंदा नवीन काहीतरी आणतेय, तुम्हाला आवडेल का?’ खाली दोन पर्याय असतात, ‘हो, नक्की!’ आणि ‘नको’. दिवसभरात बहुतेक लोक पहिल्यावर बोट ठेवून पुढे सरकतात. त्या आकड्यावर विसंबून माल भरला जातो आणि दिवाळी उलटली की उरलेली पाकिटं बहिणी-भावजयांकडे पोचती होतात. दोष या पोलचा नसतो. काय विचारलं आणि उत्तराचं पुढे काय केलं, गडबड तिथे होते.

इन्स्टाग्रामवर पोलचं स्टिकर ऑक्टोबर 2017मध्ये आलं आणि प्रश्नाचं जुलै 2018मध्ये. स्टोरी म्हणजे 24 तासांनी आपोआप दिसेनाशी होणारी पोस्ट. तिच्यावर पोल चिकटवला की बघणारा एका पर्यायावर बोट ठेवतो. प्रश्नाचं स्टिकर चिकटवलं तर त्या चौकटीत त्याला आपल्या शब्दांत उत्तर लिहावं लागतं. पण यात खरी कामाची गोष्ट वेगळीच आहे आणि तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. स्टोरी टाकणाऱ्याला कुणी कशाला मत दिलं हे नावानिशी दिसतं. स्टोरी वर सरकवली की यादी उघडते. माझ्या मते टक्केवारी पाहून सोडून द्यावी आणि ही यादी सावकाश वाचावी.

एक उदाहरण घेऊ. समजा, डोंबिवलीतल्या एक ताई भाजणी आणि मेतकूट विकतात. इन्स्टाग्रामवर त्यांचे 2,400 फॉलोअर्स आहेत आणि हिवाळ्यासाठी डिंकाचे लाडू सुरू करावेत असं त्यांच्या मनात आहे. (आकडे समजावण्यापुरते आहेत, पण घरगुती धंद्यात साधारण असंच चित्र दिसतं.) पहिला मोह होतो तो थेट पोल टाकण्याचा, ‘डिंकाचे लाडू आवडतील का?’ या प्रश्नाला नाही कोण म्हणेल? थंडीत डिंकाचा लाडू कुणाला नको असतो! शिवाय त्यात किंमत नाही, वजन नाही. ‘हो’ म्हणायला काही पडत नाही.

म्हणून आधी प्रश्नाचं स्टिकर, पोल नंतर. आणि प्रश्नही पुढचा नको, मागचा हवा. ‘या हिवाळ्यात काय खायला आवडेल?’ असं विचारलं की लोक मनातले मांडे सांगतात. ‘मागच्या थंडीत घरी डिंकाचे लाडू झाले होते का? नसतील तर कशामुळे राहिले?’ असं विचारलं की घडलेलं सांगतात. घडलेल्या गोष्टीत अडचण असते, आणि विकण्याजोगी वस्तू बहुधा त्या अडचणीतच सापडते.

ताईंची ती स्टोरी 380 जणांनी पाहिली आणि 23 जणांनी उत्तर लिहिलं. हे कमी वाटतं, पण टाइप करायला श्रम पडतात, त्यामुळे लिहिणारे नेहमीच थोडे असतात. एकीने लिहिलं, ‘डिंक तळताना वरून फुलतो, आत कच्चा राहतो, मग दातांना चिकटतो.’ दुसरीचं म्हणणं होतं, ‘खारकेने मिक्सरचं पातं गेलं, तेव्हापासून नाव काढलं नाही.’ तिसरी म्हणते, ‘गुळाचा पाक चुकला, लाडू फोडायला बत्ता घ्यावा लागला.’ दोघी-तिघींनी लिहिलं की आम्ही दोघंच घरात, किलोभर लाडू कोण संपवणार. एक उत्तर अमेरिकेतून आलं, इथे चांगला डिंक मिळत नाही.

ही उत्तरं नीट वाचली तर लक्षात येतं की लाडू वळण्याबद्दल कुणाची फारशी तक्रार नाही. अडतंय ते त्याआधी, डिंक तळण्यात आणि खारीक दळण्यात. म्हणजे तयार लाडवांपेक्षा तळून भरडलेला डिंक, खारकेची पूड, भाजलेलं सुकं खोबरं आणि खसखस यांचं मिश्रण जास्त चालू शकेल. घरी फक्त तूप-गूळ घालायचा आणि वळायचे. ताईंच्या डोक्यात हे नव्हतं, हे त्या 23 उत्तरांतून निघालं. एक पथ्य मात्र पाळायचं. उत्तरं यायला लागली की त्यातली चटपटीत निवडून लगेच स्टोरीवर टाकायचा मोह होतो. तसं केलं की नंतर लिहिणारे तेच गाणं पुढे गाऊ लागतात. 24 तास संपेपर्यंत काही दाखवू नये.

आता पोल. इथे ‘हो-नाही’ नको. प्रत्येक पर्यायात निवडणाऱ्याला काहीतरी सोडावं लागलं पाहिजे आणि किंमत समोर दिसली पाहिजे. ताईंनी लिहिलं, ‘डिंक लाडूचं तयार मिश्रण, फक्त तूप-गूळ घालायचा. तुम्ही काय कराल?’ आणि चार पर्याय दिले: ‘अर्धा किलो, 480 रु.’, ‘पाव किलो, 260 रु.’, ‘घरीच करू’, ‘फक्त निकाल बघायचाय’.

हा चौथा पर्याय गमतीचा वाटेल, पण तो नसेल तर सगळा हिशेब फसतो. इन्स्टाग्राममध्ये मत दिल्याशिवाय निकाल दिसत नाही. कुतूहल तर प्रत्येकाला असतं, म्हणून माणूस काहीतरी दाबतो, आणि काहीतरी म्हणजे बहुतेकदा वरचा पर्याय. अशांना बाहेर पडायला दार ठेवलं की उरलेली मतं जरा तरी मनापासून दिलेली असतात. पोल त्या दिवशीच्या पहिल्या-दुसऱ्या स्टोरीवरच असावा. सहाव्या-सातव्या स्टोरीपर्यंत पोचतात ते हक्काचे चाहते, आणि त्यांचं मत आपल्याला आधीच माहीत असतं.

मतं पडली 96. अर्ध्या किलोला 31, पाव किलोला 22, घरीच करणारे 17 आणि निकाल बघणारे 26. म्हणजे 53 जण घेऊ म्हणाले. इथे थांबून 53 पाकिटांची तयारी करणं म्हणजे पुन्हा तीच चूक.

कारण ही 96 माणसं म्हणजे काही 2,400 फॉलोअर्सचा नमुना नव्हे. ज्यांचं आपल्याशी आधीपासून जास्त बोलणं-चालणं आहे, त्यांच्यापुढे इन्स्टाग्राम आपली स्टोरी आधी ठेवतं. त्यातून ज्याला वाटलं त्याने मत दिलं. आपण होऊन उत्तर देणाऱ्यांवर विसंबलं की काय होतं, त्याचं प्रसिद्ध उदाहरण 1936चं आहे. अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या, आणि त्यांच्या जोरावर साप्ताहिकाने लँडन जिंकणार असं छापलं. रूझवेल्ट 48पैकी 46 राज्यांत जिंकले. पत्ते मोटार आणि टेलिफोन असलेल्यांच्या याद्यांतून घेतले होते हे एक कारण, आणि चिडलेल्यांनी जास्त हौसेने मतपत्रिका परत पाठवल्या हे दुसरं. वीस लाखांचं हे झालं, तर 96 मतांच्या टक्केवारीत जीव किती?

म्हणून ताई यादी उघडून बसल्या. 53 नावांपैकी 14 मावशा, चुलतबहिणी आणि शाळेतल्या मैत्रिणी. त्या प्रेमापोटी कशालाही हो म्हणतात, आणि पाकीट दिलं तर पैसे विचारायची आपल्यालाच लाज वाटते. नऊजण परदेशात. त्यांची हौस खरी, पण कुरियरचा खर्च मालापेक्षा जास्त. पाचजण स्वतःच फराळ विकणारे. ते किंमत बघायला आले होते. (उघड्यावर विचारण्याची ही किंमत आहे, कल्पना धंद्यातल्या सगळ्यांना कळते. ज्यांना ते नको त्यांनी जुन्या गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोल घ्यावा. तिथे मात्र कुणी काय निवडलं ते सगळ्यांनाच दिसतं, आणि शेजारणीच्या देखत ‘नको’ म्हणणं जड जातं.) उरले 25.

या 25 जणांना ताईंनी एकेकटा मेसेज केला. ‘तुम्ही परवा हो म्हणाला होतात’ असं त्यात नव्हतं. आपलं मत नावासकट दिसतं हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं आणि असं अंगावर आलं की माणूस बिचकतो. मजकूर साधा होता: ‘डिंकाच्या मिश्रणाची पहिली खेप 20 तारखेला करतेय. हवं असेल तर वजन कळवा, नोंदणीचे 100 रुपये आधी, बाकीचे पाकीट मिळाल्यावर.’ सोळाजणांचं उत्तर आलं. पैसे पाठवले नऊजणांनी.

आणि या नऊजणांत गंमत आहे. पोलमध्ये अर्धा किलो पुढे होता. पैसे देताना सहाजणांनी पाव किलो मागितला, तिघांनी अर्धा. मत देताना माणूस कौतुकाच्या भरात असतो, पैसे देताना डब्यात जागा आहे का, घरात खाणारे किती, हे आठवतं. नऊ मागण्यांचं मिळून वजन झालं तीन किलो. ताईंनी पाच किलो केलं, दहा नाही, आणि पाव किलोची पाकिटं जास्त आणली. अर्ध्या किलोच्या लेबलांची छपाई त्यांनी पुढे ढकलली.

नऊच्या ऐवजी दोघांनीच पैसे पाठवले असते तर? तर बेत सोडायचा असं लगेच ठरत नाही. किंमत बदलून किंवा फक्त डिंक-खारीक वेगळी देऊन, दुसऱ्या आठवड्यात पुन्हा एकदा विचारायचं. पण त्याच लोकांना महिन्यात चार-पाच वेळा विचारलं की मतं रोडावतात. स्टोरी पाहणारे तेवढेच आणि मत देणारे निम्मे, असं दिसलं की लोक कंटाळले हे ओळखावं.

शेवटी ‘घरीच करू’ म्हणणारे 17. त्यांना सहसा कुणी विचारत नाही. ताईंनी त्यांतल्या सहाजणींना विचारलं, घरी करता तर बाहेरून विकत काय आणता? चौघींनी एकच उत्तर दिलं, खारकेची पूड, आणि तीही बियांचा कचरा न येणारी हवी. तिचा पाव किलोचा भाव काय ठेवावा, हा ताईंचा पुढचा पोल.