गोधडीतला चतकोर

कळमनुरीकडे बाया जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवतात. चौकोनी तुकडे सहज जुळतात. गोल कड जोडताना मात्र चुण्या पडतात. त्या का पडतात?

भाकरीच्या चतकोरासारखा एक तुकडा आहे. दुसऱ्या तुकड्याला त्याच मापाची खोबण आहे. दोन्हींवर शिवणीची रेघ कोपऱ्यापासून चार इंचांवर आखली. रेघेबाहेर पाव इंच कापड सोडले. आता कडा दोऱ्याने मोजा. चतकोराची कड जवळजवळ पाऊण इंच जास्त भरते. कडेला कड लावली, की जादा कापडाची चुणी होते. पण रेघा दोन्ही सारख्याच आहेत. म्हणून रेघेला रेघ जुळवावी.

तुकडे दुमडून मध्यावर खूण करा. खोबणीच्या कडेला अर्ध्या-अर्ध्या इंचावर बारीक चिरा द्या, म्हणजे ती कड उघडेल. चीर रेघेपर्यंत गेली, तर तिथे भोक पडते. जुने कापड लवकर उसवते, म्हणून जपून.

सुलट बाजू समोरासमोर ठेवा. खोबण वर घ्या. आधी मध्याला टाचणी लावा, मग दोन्ही टोकांना, मग मधे मधे. टाचणी खालच्या रेघेतूनच निघाली का, ते उलटून बघा. मग बारीक धावदोरा घाला. कापड ओढू नका. चुणी दिसलीच, तर तेवढेच टाके उसवा.