स्टॉपचं बटण उलटं का वागतं?

अमेरिकेत जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागात गाड्यांचे गिअरबॉक्स तयार व्हायचे. मॉडेल बदललं की यंत्रांचा क्रम बदलायचा, आणि क्रम बदलायचा म्हणजे पॅनेलमधले रिले सोडवून नव्याने वायरिंग करायचं. कित्येकदा जुनं पॅनेल सरळ काढून टाकणंच परवडायचं. १९६८मध्ये या विभागाने पर्याय मागितला: वायरिंगला हात न लावता क्रम बदलता यावा आणि कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनलाच तो सांभाळता यावा. बेडफर्ड असोसिएट्समधल्या डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवलेलं यंत्र १९६९मध्ये कारखान्यात पोचलं. त्यांचा तो चौऱ्याऐंशीवा प्रकल्प, म्हणून नाव पडलं ‘मॉडिकॉन ०८४’. आज ज्याला आपण पीएलसी म्हणतो त्याची सुरुवात ही.

इलेक्ट्रिशियनला समजावं म्हणून त्याचा प्रोग्रॅम रिलेच्या ड्रॉइंगसारखाच दिसेल अशी सोय केली गेली. ही सोय फार कामाची ठरली. रिलेवर हात बसलेला माणूस फसतो तोही तिच्यामुळेच.

रिले म्हणजे छोटं विद्युतचुंबक. कॉइलला सप्लाय मिळाला की पत्ती ओढली जाते. काही कॉन्टॅक्ट जुळतात (ते एनओ), काही तुटतात (ते एनसी). एका रिलेवर असे दोन-चार संच मिळतात. पाचवा हवा असेल तर शेजारी आणखी एक रिले बसवायचा. पीएलसीत हा हिशेबच संपतो. एकच इनपुट प्रोग्रॅममध्ये पन्नास ठिकाणी वापरा, त्याला ना जागा लागते ना तार. टायमरची वेळ बदलायची तर आकडा बदलायचा. एका पंपाच्या स्टार्टरसाठी मात्र पीएलसी लावणं म्हणजे उगाच खर्च. तिथे तीन कॉन्टॅक्टर आणि एक टायमर आजही उत्तम चालतात. पण त्याच पॅनेलमध्ये चार पंप, टाकीच्या पातळ्या, पाळीपाळीने चालवणं आणि अलार्म आले की रिलेंची गर्दी होते आणि फॉल्ट शोधण्यात दिवस जातो.

आता असं पॅनेल पीएलसीवर आणताना काय होतं ते एका मोटरपुरतं बघू. स्टार्टचं बटण एनओ. स्टॉपचं बटण आणि ओव्हरलोडचा कॉन्टॅक्ट एनसी. रिलेच्या ड्रॉइंगमध्ये स्टॉप एनसी दाखवलेला असतो, म्हणून आपला माणूस प्रोग्रॅममध्येही एनसीचं चिन्ह टाकतो. मोटर सुरूच होत नाही.

कारण पडद्यावरचा कॉन्टॅक्ट म्हणजे बटण नव्हे. पीएलसी फक्त आपल्या इनपुटला सप्लाय आहे की नाही एवढंच बघतो. एनसी बटण कुणी दाबलेलं नसताना जुळलेलंच असतं, म्हणजे इनपुटवर सप्लाय असतो आणि त्याचा दिवा पेटलेला असतो. एनसीचं चिन्ह ‘सप्लाय नसेल तर पुढे जा’ म्हणतं आणि वाट अडवतं. म्हणून बरोबर ओळ अशी येते, I0.0 स्टॉप, I0.1 स्टार्ट, I0.2 ओव्हरलोड आणि Q0.0 मोटर धरून:

```
|--[ I0.1 ]--+--[ I0.0 ]--[ I0.2 ]--( Q0.0 )
|            |
|--[ Q0.0 ]--+
```

सगळीच चिन्हं साधी, एनओची. खालची Q0.0ची शाखा म्हणजे आपलं नेहमीचं होल्डिंग.

इथे एक पळवाट सुचते: प्रोग्रॅम तसाच ठेवायचा आणि बटणाचा एनसी एलिमेंट काढून एनओ बसवायचा. मोटर छान सुरू होते, छान बंदही होते, आणि काम झालं असं वाटतं. पण स्टॉपची तार एखाद्या दिवशी टर्मिनलमधून निसटली की बटण कितीही दाबा, मोटर थांबणार नाही. आणि तार निसटलीय हे दाबेपर्यंत कळणारही नाही. एनसी असता तर तार निसटताक्षणी मोटर थांबली असती. म्हणून बटण एनसीच ठेवायचं आणि बदल प्रोग्रॅममध्ये करायचा. इमर्जन्सी स्टॉप तर साध्या पीएलसीच्या भरवशावर सोडायचाच नाही. तो सेफ्टी रिलेतून थेट कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा सप्लाय तोडतो. पीएलसीला फक्त खबर मिळते.

दुसरा फरक वेळेचा. रिले पॅनेलमध्ये सगळ्या वाटा एकाच वेळी जिवंत असतात. पीएलसी आधी सगळी इनपुट वाचतो, मग प्रोग्रॅम वरून खाली सोडवतो, मग आउटपुट बदलतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. एक फेरी काही मिलिसेकंदांची. म्हणून एकाच आउटपुटची कॉइल दोन ओळींत लिहिली की खालची जिंकते. रिलेवर दोन वाटांनी एकाच कॉइलला सप्लाय देणं नेहमीचं असतं, त्यामुळे ही चूक हमखास होते. ओळखायची खूण सोपी: पडद्यावर वरची ओळ शेवटपर्यंत हिरवी, आणि आउटपुटचा दिवा मात्र विझलेला. उपाय असा, की दोन्ही वाटा समांतर जोडून कॉइल एकदाच लिहायची.

हीच गती स्टार-डेल्टात अंगावर येते. टायमर संपला की प्रोग्रॅम एकाच फेरीत स्टार बंद आणि डेल्टा चालू करतो. पण लोखंडी कॉन्टॅक्टरला सुटायला वेळ लागतो आणि ठिणगी विझायला आणखी थोडा. तेवढ्यात डेल्टा बसला तर तिन्ही फेज एकमेकांवर जातात आणि ब्रेकर आवाज करून पडतो. जुन्या पॅनेलमध्ये डेल्टाची कॉइल स्टार कॉन्टॅक्टरच्या एनसीमधून जायची. स्टार खरोखर सुटल्याशिवाय डेल्टाला सप्लायच मिळायचा नाही. ‘इंटरलॉक प्रोग्रॅममध्ये घेतलाय’ म्हणून ती तार काढून टाकणारे दिसतात. ती तार राहू द्यावी आणि प्रोग्रॅममध्ये मध्ये शंभरेक मिलिसेकंदांची उसंतही ठेवावी. कॉन्टॅक्टर चिकटला तर प्रोग्रॅमला ते दिसत नाही, तारेला दिसतं.

फॉल्ट काढायची रीतही बदलते. टेस्ट लॅम्प घेऊन टर्मिनलमागून टर्मिनल तपासायची गरज कमी होते. इनपुटचा दिवा पेटत नसेल तर दोष बटण, सेन्सर किंवा तारेत. आउटपुटचा दिवा पेटतोय पण कॉन्टॅक्टर उचलत नसेल तर फ्यूज, कॉमनची तार, कॉइल किंवा पीएलसीच्या आतला जळालेला आउटपुट रिले बघायचा. दोन्ही बाजू ठीक असतील तरच लॅपटॉप जोडायचा. रिलेची पत्ती बोटाने दाबून बघायची सवय असलेल्यांना ‘फोर्स’ची सोय आवडते, पण फोर्स केलेलं आउटपुट प्रोग्रॅममधले इंटरलॉक जुमानत नाही आणि काढायचं विसरलं तर तसंच राहतं.

एक चाचणी पॅनेल ताब्यात घेण्याआधी करायलाच हवी. रिलेच्या स्टार्टरला वीज गेली की होल्डिंग सुटतं आणि वीज आल्यावर कुणीतरी बटण दाबेपर्यंत मोटर गप्प राहते. पीएलसीत वरच्यासारखं होल्डिंग असेल तर तसंच होतं. पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने सेट-रीसेट वापरलं असेल आणि ती जागा वीज गेली तरी आठवण धरणारी असेल, तर वीज येताच मोटर आपोआप फिरू लागते. म्हणून मोटर चालू असताना मेन स्विच पाडायचा, मिनिटभर थांबायचं आणि पट्ट्याजवळ कुणी नाही हे बघून पुन्हा चढवायचा.